तणसाच्या रंगाचा कुत्रा

माणसांना गर्दीतून उचलून एकटं बसवणं हा माझा धंदा आहे. ब्रह्मपुरीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा बाहेर लग्नं आणि बारशी काढत फिरतो, मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसते. घरातलं कुणी गेलं की लोक मोबाईल घेऊन येतात. फोटो बहुतेक कुणाच्या तरी लग्नातला असतो, हातात जेवणाची प्लेट, खांद्यावर भलत्याच कुणाचा तरी हात, मागे मांडवाचा खांब आणि अर्धी बाई. मी त्यांना त्या पंगतीतून कापून काढते. हात पुसते, प्लेट पुसते, शर्टाची कॉलर नीट करते आणि मागे निळं आभाळ टाकते, मधोमध जरा उजळ. वर काच, भोवती फ्रेम, मग हार. आमच्या भागातले सगळे गेलेले लोक एकाच आभाळात राहतात, आणि ते आभाळ माझ्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये आहे, असं मी नवऱ्याला चिडवून म्हणायचे. त्याला ते आवडत नसे. धंद्याची थट्टा करू नये म्हणायचा.

माणसं कापायला सोपी असतात. तेल लावून चापून बसवलेले केस, कपड्यांची सरळ कड. कडेकडेनं रेघ मारत गेलं की माणूस बाजूला निघतो. खरी परीक्षा जनावराची. अलीकडे कॉलेजची पोरं मांजरांचे फोटो आणतात, एखादा साहेब आपला केसाळ कुत्रा आणतो आणि म्हणतो, मागचं सगळं काढून टाका, फक्त हा राहू द्या. जनावराला कड नसतेच. अंग संपतं आणि केस सुरू होतात, केस विरळ होत जातात आणि त्यांच्या मधूनमधून मागची भिंत, गवत, दोरीवरचे कपडे दिसत राहतात. सरळ रेघ मारून कापलं तर कुत्रा पुठ्ठ्याचा दिसतो. नुसती कड धूसर केली तर तो ओल्या कापसासारखा दिसतो. प्रत्येक केसाला विचारावं लागतं, बाबा रे, तू कुणाचा? मला हे काम येतं. या कामाचा मला गर्व होता, आणि तो लपवायचं मला कधी सुचलं नाही.

ज्या कुत्र्याबद्दल मी सांगते आहे तो माझ्या आईचा. माझं माहेर नागभीडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात आहे. घराच्या मागे बोडी, म्हणजे लहान तळं, बोडीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की साग आणि मोह. हा कुत्रा पिल्लू असतानाच कुठून तरी आला. गावातल्या इतर कुत्र्यांसारखा आखूड केसांचा नव्हता. गळ्याला, कानांना आणि शेपटीला लांब, उडते केस. रंग फिकट, मलईकडे झुकणारा. धान झोडून झालं की उरतं त्या तणसाचाच रंग. आईनं त्याला नाव ठेवलं नाही. ती नुसतं 'ये रे' म्हणायची आणि तो यायचा. दुसऱ्या कुणी 'ये रे' म्हटलं तर डोकंही वर करायचा नाही.

तो सदान्‌कदा आईच्या डाव्या बाजूला चालायचा आणि आईचा हात त्याच्या पाठीवर असायचा. विहिरीवर जाताना, शेतावर जाताना, मोह वेचायला जाताना. आम्ही हसायचो. भाऊ म्हणायचा, मायचा धाकटा पोरगा. आईही हसायची. कुणाच्या डोक्यातही आलं नाही की ती त्याला धरून चालते आहे. ती दिव्याला तेल जास्त मागायची, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारायची, आणि घरातले सगळे म्हणायचे, मोतीबिंदू असेल, पिकू दे, पिकला की काढू. मोतीबिंदू पिकतो हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. मीही तेच म्हटलं.

पावसाळा संपता संपता बिबट्यानं त्याला नेलं. दिवेलागणीची वेळ होती. आई अंगणात भांडी घासत होती आणि तो तिच्या शेजारी बसला होता. आईला काही दिसलं नाही. शेजारच्या बाईनं पाहिलं आणि ओरडली. आईच्या हाताखालची पाठ एकदम गेली, एवढंच तिला कळलं. पुढे कितीतरी दिवस ती तेच सांगत राहिली, "हाताखालचा गेला ना बाई. हात तसाच राह्यला."

त्यानंतर दुसऱ्याच सकाळी ती दाराच्या चौकटीवर आदळली. मग बैलाच्या खुंट्याला अडखळून पडली. मग विहिरीकडे जाताना वाट सोडून नाल्यात उतरली. तेव्हा कुठे आम्हाला समजलं. तिला आम्ही नागपूरला नेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. यात नजर कडेकडेनं मिटत आत येते. डावा डोळा संपला आहे. उजव्यात मधोमध एवढंसं भोक उरलं आहे, नळीतून पाहावं तसं, आणि त्यातूनही फिकट फिकट दिसतं. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायला थेंब घालत राहा. बाबा, म्हणजे माझे वडील, मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "धान निंगाल्यावर जाऊ म्हनत होतो मी." त्यांना बोल लावायला आमच्यापैकी कुणाला तोंड होतं?

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "बाई, त्याले मी हातानंच पाह्यलं. डोऱ्यानं नीट पाह्यलंच नाई कधी. तो सदा खाली बाजूले राहे, अन् मले बाजूचं दिसेच ना." मग म्हणाली, "हे भोक बुजाच्या आधी मले एकदा त्याले पाहू दे. तुह्या दुकानात लोकाईचे करते ना फोटो."

मी म्हटलं, "देतो करून. असा करून देतो की केस न् केस दिसंन." मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी बढाया मारते.

त्याचा फोटो एकच होता. भावानं मोबाईलवर काढलेला, फाल्गुनातला. तणसाची गंजी, म्हणजे रचून ठेवलेला ढीग, आणि त्या गंजीला टेकून बसलेला तणसाच्याच रंगाचा कुत्रा. पुढे खाटेचा पाय. मागे दोरीवर आईचं लाल लुगडं, त्याचा काठ उडून कुत्र्याच्या कानावर आलेला, बाजूला निळा प्लास्टिकचा ड्रम, सायकलचं चाक, आणि सगळ्या अंगणभर वाळत घातलेला मोह. भावानं तो मोबाईल विकून टाकला होता. मूळ फोटो गेला. माझ्याकडे उरला तो त्यानं पाठवलेला, पाठवताना दबून लहान झालेला, ज्यात बारीक केसांचा नुसता चिखल झालेला. असला फोटो गिऱ्हाइकानं आणला असता तर मी सरळ सांगितलं असतं, दुसरा आणा. आईला तो मोबाईलवर मोठा करून दाखवला तर ती पडद्यावर बोट फिरवत राहिली. "इथी तं नुसतं तनस हाय," ती म्हणाली.

खरी अडचण तीच होती, आणि ती तिच्या डोळ्यांची तेवढीच फोटोचीही होती. सॉफ्टवेअरला एक बटण असतं. ते दाबलं की ते आपणच ओळखतं, यात मुख्य काय आहे, आणि तेवढं निवडून देतं. मी दाबलं. त्यानं कुत्रा, निम्मी गंजी आणि खाटेचा पाय मिळून एक जनावर निवडलं. पुन्हा दाबलं तर कान गेले. मी कॉम्प्युटरला शिवी दिली. नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, गिऱ्हाईक बसलंय.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन करडे फोटो एकावर एक ठेवलेले असतात. ते वेगवेगळे उघडून पाहता येतात. लाल भागात कुत्रा आणि तणस दोन्ही पांढरी. हिरव्यातही जवळजवळ तसंच. पण निळा उघडला आणि मी खुर्चीत पुढे सरकले. तणस पिवळंधम्मक असतं, पिवळ्यात निळा रंग जवळजवळ नसतोच, म्हणून तिथे गंजी काळवंडली होती. कुत्र्याचे केस मलईसारखे, त्यांत निळा थोडा तरी होता. त्या करड्या फोटोत तो गंजीपासून वेगळा बसला होता. पहिल्यांदाच. मी त्या करड्या फोटोचीच एक प्रत काढली. तिच्यात काळं आणखी काळं केलं, पांढरं आणखी पांढरं केलं, आणि कुत्र्याच्या पोटापाठीचा भाग ब्रशनं भरून टाकला. त्याचा झाला मास्क. मास्क म्हणजे झाकण. पांढरं तिथे फोटो दिसतो, काळं तिथे झाकला जातो. झाकलेलं नाहीसं होत नाही, खाली तसंच असतं.

मास्कनं ढोबळ काम झालं. पुढचं सगळं हातानं. खाटेचा पाय पुढच्या पायावरून गेला होता, म्हणून मी त्याला छातीशी कापून फक्त वरचं चित्र करायचं ठरवलं. पाठीचे केस आखूड, तिथे स्वच्छ रेघ चालली, मात्र जरा आतून, नाहीतर मागचं तणस कडेला चिकटून येतं. गळ्याचे केस मोबाईलनं चिखल करून टाकले होते, ते मला नव्यानं काढावे लागले. बारीक ब्रश, अंगाकडून बाहेर, केसाच्या वळणानं, टोकाला निमुळता. एकसारखे काढले तर कंगवा दिसतो, म्हणून काही लांब, काही एकमेकांवर पडलेले. उजव्या कानाचं टोक लाल लुगड्याच्या काठाआड होतं. मी डावा कान उलटा करून तिथे बसवला आणि पाहते तो दोन्ही कान फाटके. डावा कान त्याचा कुठल्याशा भांडणात फाटला होता ना. मग उजवा पुन्हा भरून काढला. नवरा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दोन्ही भरून टाक ना, कोनाले समजते?" मी म्हटलं, मायले समजते.

कुत्रा झाला. मी म्हणते म्हणून नाही, पण झाला. मान जरा तिरपी, गळ्याचे केस वाऱ्यावर उडालेले, एकेक मोजून घ्या. मग मी फोल्डर उघडून माझं ते आभाळ त्याच्या मागे टाकलं. दुसरं काही सुचलंसुद्धा नाही. वर्षानुवर्षं हात तिकडेच जातो. मोठ्यात मोठ्या कागदावर छापला, चकचकीत काच लावली, सोनेरी फ्रेम केली, आणि माहेरी गेले.

आईला अंगणात उजेडात बसवलं. फ्रेम मांडीवर दिली. तिनं डोकं हलवत हलवत पाहायला सुरुवात केली, आपण अंधारात बॅटरी फिरवून हरवलेली वस्तू शोधतो तशी.

"दिसला का?"

"आभाय दिसते बाई," ती म्हणाली. "अन् मी दिसतो. काचेत."

"माय, मधात पाह्य. मधात बसला हाय तो."

"मधात उजेड हाय."

"नीट पाह्य ना," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच. "त्याचं नाक. नाक तरी दिसते का?"

तिचं ते भोक फिरत फिरत नाकावर आलं असावं. ती म्हणाली, "काही तरी कारं हाय. ठिपका." मग फ्रेम बाजूला ठेवून म्हणाली, "चांगला झाला. लगित मेहनत केली तू." ते ऐकून मला जे वाटलं ते सांगते. ती फ्रेम उचलून बोडीत फेकावी असं वाटलं. फिकट कुत्रा, फिकट आभाळ, वर चमकणारी काच, आणि एवढा मोठा की नळीतून त्याचा एक तुकडाच दिसावा. ज्या नाजूक केसांसाठी मी डोळे फोडले होते त्यांच्यामुळे त्याला कड उरली नव्हती. तणसातून काढून मी त्याला आभाळात हरवून ठेवला होता.

दुपारी जेवायला बसलो. बाबांनी आईच्या पुढे स्टीलच्या ताटात भात वाढला. ती ताटात हात फिरवत म्हणाली, "भात कुठी हाय?" भात तिच्यासमोर होता. मग मी चुलीवरचा काळा तवा उतरवला, त्यावर तांदळाची भाकर होती, आणि आईनं न चाचपडता हात पुढे करून ती भाकर उचलली. मी तशीच तवा हातात धरून उभी राहिले. बाबा म्हणाले, "काऊन उभी हायेस, बस ना."

काळ्यावर पांढरं. तवा पाहिला तेव्हा कळलं.

ब्रह्मपुरीला आल्यावर आभाळ काढून मागे काळं टाकलं, आणि माझा सगळा गर्व उघडा पडला. फिकट निळ्यावर जे खपून गेलं होतं ते काळ्यावर ओरडायला लागलं. कुत्र्याभोवती पिवळी झालर. गळ्याच्या केसांच्या मधे तणसाच्या काड्या, ज्यांना मी केस समजले होते. केसांची टोकं अर्धी केसाच्या रंगाची, अर्धी गंजीच्या. कडेचा प्रत्येक ठिपका दोघांचा मिळून बनलेला असतो. नुसतं कापून भागत नाही, त्यातला मागचा रंगही काढावा लागतो. मी आतल्या केसांचा रंग उचलून कडेवर भरत गेले, काड्या एकेक करून झाकल्या, आणि झाकता झाकता कुत्रा बारीक होतो आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा केस काढले. यावेळी उडते नाही. जाड, ठसठशीत, कड स्पष्ट. सुंदर दिसला नाही तरी चालेल, दिसला पाहिजे. शेजारच्या दुकानातला एकजण डोकावून म्हणाला, आधीचा भारी होता वहिनी. मी त्याला दार लावून घ्यायला सांगितलं.

आकारही बदलला. मी कागदाची बारीक सुरळी केली, एक डोळा मिटला आणि हातभर अंतरावरून वेगवेगळे नमुने पाहत बसले. मोठ्या फोटोत नुसतं नाक यायचं. तळहाताएवढा केला तेव्हा डोकं, कान, मान सगळं त्या कागदाच्या सुरळीत मावलं. कागद खडबडीत घ्यायचा, चमक नको. काच लावायचीच नाही. नवऱ्यानं तो नमुना हातात घेऊन परत ठेवला आणि म्हणाला, "काऱ्यावर कोन लावते गेलेल्याचा फोटो? एवढुसा?" फोनवर बाबांनीही तेच म्हटलं. घरात काळा फोटो बरा नाही. मी म्हटलं, आभाळ लावून पाहिलं ना मी, मिळाला का आईला त्यात कुत्रा? मी त्यांच्याशी असं बोलत नाही एरवी.

हे सगळं सलग झालं नाही. तुळशीची लग्नं लागली आणि माणसांची सुरू झाली. नवरा रोज एका मांडवातून दुसऱ्यात, आणि माझ्यापुढे अल्बमांचा ढीग. नवरीचे केस, नवरीचा पदर, नवरीच्या मागची फुकटची गर्दी. त्यातून वेळ मिळेल तसा मी कुत्रा उघडायचे. अधूनमधून फोन करायचे. थेंब घालते का? घालते. दिसते का? दिसते. आईचा आवाज नेहमीसारखा असायचा. तिच्याकडे वेळ किती आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपण काम करतो आहोत तोपर्यंत वेळही थांबून राहतो असं मला कुठेतरी वाटत असावं. ते किती खोटं आहे हे माझ्या धंद्याइतकं कुणाला माहीत असणार? माझ्याकडे लोक येतात तेच उशीर झाल्यावर.

माघात मी गेले. नागभीडला उतरून पुढे काळीपिवळी जीपमध्ये बसले. तळहाताएवढा फोटो पिशवीत ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून मांडीवर धरला होता. मनात एकच चित्र होतं. आई तो हातात घेते, डोकं एकदाच फिरवते आणि थांबते. ते थांबणं मला पाहायचं होतं. बाकी काही नको.

आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. मला बरं वाटलं, म्हटलं, तांदूळ निवडते आहे. जवळ गेल्यावर दिसलं की तिचं तोंड दुसरीकडेच आहे. खडे बोटांना लागत होते. मी येते आहे हे तिनं चपलेवरून ओळखलं आणि म्हणाली, "आली का बाई, ये." बाबा खाटेवर बसले होते. ते माझ्याकडे पाहीनात.

मी फोटो तिच्या हातात दिला. "आता पाह्य माय. कारं टाकलं मागं. तव्यासारखं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. फोटो दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणला, बरोबर हातभर अंतरावर. डोकं फिरवलं नाही. स्थिर राहिली. मला वाटलं, थांबली.

"दिसते," ती म्हणाली.

"कसा दिसते?"

"बसला हाय ना." ती हसली. "हाच कान फाटका त्याचा. मान वाकडी करून बसला हाय, मायाकडं पाहून राह्यला. मांगं तनसाची गंजी हाय. दोरीवर मायं लाल लुगडं हाय वारत, त्याच्या कानावर पडून राह्यलं. अन् मोह. मोह सांडून ठेवला अंगनभर. त्या दिवशी मी पोराले बोललीसुद्धा, मोहावर पाय देऊन काऊन फोटो काढतं म्हनून."

बाबा उठून अंगणात गेले आणि बैलाच्या खुंट्यापाशी पाठ करून उभे राहिले.

त्या फोटोत गंजी नव्हती. लुगडं नव्हतं, मोह नव्हता. तणसाची एकेक काडी मी वेचून काढली होती, लुगड्याच्या काठाआडचं कानाचं टोक मी माझ्या हातानं भरून काढलं होतं. त्या काळ्या कागदावर एक कुत्रा होता, कड असलेला, तिला दिसावा म्हणून जाडाभरडा केलेला, आणि ती त्याच्याकडे तोंड करून मला ते सगळं सांगत होती जे मी पुसलं होतं. भोक कधी बुजलं कुणास ठाऊक. तिनं कुणाला सांगितलं नाही. फोनवर मी विचारायचे, दिसते का, आणि ती म्हणायची, दिसते. मला राग आला. तिचा आला, माझा आला, त्या बारीक ब्रशचा आला.

माझा आवाज येत नाही म्हटल्यावर आईचा चेहरा जरा बदलला. ती फोटो तसाच धरून माझ्या बाजूला वळली, अगदी बरोबर माझ्या बाजूला नाही, जरा डावीकडे. आणि हळूच, बाबांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं, "बरोबर सांगतलं ना मी?"

"हो माय," मी म्हटलं. "बरोबर हाय. सगळं हाय त्यात."

"हे पाह्य," ती म्हणाली. "मी म्हनलं होतं ना, तू करते."

तिनं फोटोवरून हात फिरवला. कागद खडबडीत होता, मीच घेतला होता तसा. मग तो डाव्या बाजूला जमिनीवर ठेवला, त्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं तांदूळ निवडायला लागली.